मदत हवी आहे: नववी विज्ञान, वर्णनावरून ऊती ओळखताना गोंधळ होतो

रेवाची_आई

नमस्कार. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. येत्या गुरुवारी ऊतींच्या धड्यावर २० गुणांची चाचणी आहे. व्याख्या आणि तक्ता तोंडपाठ आहे, पण प्रश्न उलटा आला की गाडी अडते. म्हणजे वर्णन दिलेलं असतं, त्यावरून ऊती ओळखायची आणि स्थान-कार्य लिहायचं. काल सरावात चार प्रश्न चुकले:

१. पेशी लांबट, कोपऱ्यांत भित्तिका जाड, पेशी जिवंत, पानाच्या देठात आढळते. तिने लिहिलं: दृढ ऊती.

२. पेशी दंडगोलाकार, शाखा असलेल्या, आडवे पट्टे, एकच केंद्रक. तिने लिहिलं: पट्टकी स्नायू.

३. श्वासनलिकेत आढळते. पेशी विरळ, आधारद्रव्य घट्ट पण लवचीक. तिने लिहिलं: रोमक स्तंभीय अभिस्तर.

४. हाडाला हाड जोडणारी ऊती. तिने लिहिलं: स्नायुरज्जू.

पुन्हा पाठ करून घेण्यात अर्थ नाही असं वाटतंय, कारण पाठ आहेच. विचार कोणत्या क्रमाने करायचा हे कुणी सांगू शकेल का?

प्रसाद_७९

सोपं आहे ताई. स्थान बघायचं आणि उत्तर लिहायचं. देठ आला की स्थूलकोन, नारळाचा काथ्या आला की दृढ. श्वासनलिका म्हणजे रोमक, रक्तवाहिनीचं अस्तर म्हणजे सरल पट्टकी. स्नायूंचं तर एका ओळीत होतं: पट्टे असले की ऐच्छिक, नसले की अनैच्छिक. स्थानांची यादी भिंतीवर लावा, झालं काम.

सूक्ष्मदर्शक

प्रसाद, तुमच्या यादीने पहिला प्रश्न सुटेल, पण तिसरा नेमका त्याच यादीमुळे चुकलाय. मुलीने 'श्वासनलिका' वाचलं, डोक्यात रोमक अभिस्तर उजळलं आणि पुढचं वाक्य तिने वाचलंच नाही.

स्थान हा सगळ्यात फसवा धागा आहे, कारण एकाच अवयवात अनेक ऊती शेजारी शेजारी असतात. श्वासनलिकाच घ्या. आतून अस्तर आहे, त्यावर केसासारखे रोमक असलेल्या उभट पेशी. त्यांच्यामध्ये काही पेशी चिकट श्लेष्म सोडतात. धूळ त्या श्लेष्मात अडकते आणि रोमक एका लयीत हलून तिला वर घशाकडे ढकलतात. अस्तराच्या बाहेर इंग्रजी सी अक्षरासारखी कास्थीची कडी आहेत, साधारण १६ ते २०. श्वास आत घेताना नळी चिमटून बंद होऊ नये म्हणून ती ताठ हवी, पण मान वळवली तर वाकायलाही हवी. हाड घातलं तर वाकणार नाही, नुसती त्वचा असती तर चिमटली असती. आणि सी ची उघडी बाजू मागे, अन्ननलिकेकडे असते. तिथे अपट्टकी स्नायू आहेत. म्हणजे एका नळीत तीन वेगळ्या प्रकारच्या ऊती झाल्या. 'श्वासनलिकेत आढळते' या वाक्यावर तिन्ही उत्तरं बसतात. आता रक्तवाहिनी घ्या. अस्तर सरल पट्टकी, भिंतीत अपट्टकी स्नायू, आणि आत वाहतं ते रक्त स्वतः संयोजी ऊती.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी रचना वाचायची, त्यावरून गट ठरवायचा, मग स्थान पडताळणीसाठी वापरायचं. कार्य सगळ्यात शेवटी, कारण रचना कळली की ते बहुतेक वेळा आपोआप सुचतं.

रचनेत पहिली नजर दोनच गोष्टींवर टाकायला सांगा. पेशीभित्तिकेचा उल्लेख आहे का? असेल तर वनस्पती, नसेल तर प्राणी. मग प्राण्यात विचारायचं, की पेशी एकमेकींना चिकटून आहेत की मध्ये काहीतरी भरलंय? चिकटून, जवळजवळ फट न ठेवता असतील तर अभिस्तर. पेशी विरळ आणि मध्ये आधारद्रव्य असेल तर संयोजी. लांब, तंतूसारख्या, आकुंचन पावणाऱ्या असतील तर स्नायू. पेशीकाय आणि त्यातून निघालेले फाटे दिसले तर चेता. तिसऱ्या प्रश्नात 'पेशी विरळ' हे दोन शब्द वाचताक्षणी अभिस्तर बाद व्हायला हवं होतं. मग उरतं संयोजी, आणि संयोजीत 'आधारद्रव्य घट्ट पण लवचीक' म्हणजे कास्थी. अस्थी असती तर आधारद्रव्य कठीण, कॅल्शियम-फॉस्फरसच्या क्षारांचं. रक्तात ते द्रव, मेद ऊतीत पेशीच चरबीच्या थेंबांनी फुगलेल्या. श्वासनलिका हा शब्द आता शेवटी आला आणि उत्तराशी जुळला.

केळीबाग

ऊतींचा धागा दिसला म्हणून विचारतो. आमच्याकडे रावेर भागात ऊती संवर्धनाची केळीची रोपं लावतात. एकाच बागेत एक-दोन टक्के झाडं वेगळीच निघतात, पानं वेडीवाकडी, घड लहान. रोपं एकाच ऊतीची असताना असं का? आणि ती कुठली ऊती वापरतात?

सूक्ष्मदर्शक

केळीबाग, धागा नववीच्या चाचणीचा आहे, पण तुमचा प्रश्न त्याच धड्यात बसतो म्हणून थोडक्यात. केळीच्या कंदावरच्या कोंबाच्या टोकाचा बारीक तुकडा घेतात. तिथे प्ररोह विभाजी ऊती असते: पेशी लहान, भित्तिका पातळ, केंद्रक ठळक, रिक्तिका जवळजवळ नाहीत, आणि सतत विभाजन. ती निवडतात कारण वाढीची ताकद तिथेच आहे, आणि टोकाच्या त्या तुकड्यात विषाणू पोचण्याची शक्यता कमी असते. पण प्रयोगशाळेत एकाच तुकड्यापासून पिढीमागून पिढी वाढवत नेली की विभाजनात चुका साचत जातात आणि वेगळी झाडं निघतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा ठरावीक फेऱ्यांनंतर तो तुकडा टाकून नवीन कोंब घेतात. रोपं घेताना किती फेऱ्यांची आहेत हे विचारून बघा. तुमच्या बागेत तेच कारण आहे की आणखी काही, हे मला इथून सांगता येणार नाही.

रेवाच्या आईंनी मात्र विभाजी ऊतीचं वरचं वर्णन उतरवून घ्यावं. 'रिक्तिका नसते' हा धागा परीक्षेत सहज येतो. मोठी रिक्तिका आणि पातळ भित्तिका असं दोन्ही असेल तर ती मूल ऊती.

रेवाची_आई

खूप आभार सर, तिसरा प्रश्न तिला आता नीट कळला. पहिल्यात मात्र अडलंय. ती म्हणते, जाड भित्तिका आणि लांबट पेशी दोन्हींत आहेत, मग स्थूलकोन आणि दृढ यांत फरक फक्त देठ आणि काथ्याचाच राहतो ना?

काचपट्टी

मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे कापून दाखवते तसं सांगते. फरक 'जाड' या शब्दात नाही, जाडी कुठे आहे त्यात आहे. स्थूलकोनात भित्तिका फक्त कोपऱ्यांत जाड होते, म्हणून आडव्या छेदात पेशीच्या कोपऱ्यांत चकाकणारे तुकडे भरल्यासारखे दिसतात आणि मधली जागा मोकळी राहते. ती भर सेल्युलोज आणि पेक्टिनची, म्हणून वाकते. दृढ ऊतीत भित्तिका चहूबाजूंनी सारखी जाड, तीही लिग्निनची. पोकळी इतकी आकसते की कधी नुसता ठिपका दिसतो. लिग्निन साचत गेलं की पेशी मरते, म्हणून केंद्रक दिसत नाही. मुलीच्या प्रश्नात 'कोपऱ्यांत' आणि 'जिवंत' असे दोन शब्द होते आणि दोन्ही स्थूलकोनाकडेच बोट दाखवतात.

शक्य असेल तर शाळेत पट्टी करून घ्या. सूर्यफुलाचं कोवळं खोड गाजराच्या फोडीत धरायचं, ब्लेड पाण्याने ओलं करायचं आणि एका दिशेने ओढत काप घ्यायचे. पूर्ण गोल मिळाला नाही तरी चालेल, पातळ मिळाला पाहिजे. सॅफ्रानिनच्या पातळ द्रावणाचे एक-दोन थेंब, साधारण एक मिनिट, मग रंग निघायचा थांबेपर्यंत पाण्याने धुवायचं. ग्लिसरिनचा थेंब टाकून वर काचेची झाकणी. लिग्निन गडद लाल होतं, सेल्युलोज फिकट गुलाबी राहतं. बाह्यत्वचेच्या आत तीन-चार थर फिकट दिसतील, ते स्थूलकोन. वाहक पुंजाच्या बाहेरच्या बाजूला लाल टोपी दिसेल, ती दृढ ऊती. जलवाहिनीही लाल दिसते.

मुलं दोन ठिकाणी चुकतात. रंग जास्त वेळ ठेवला की सगळंच लाल होतं आणि मग 'सगळी दृढ ऊती' असं लिहून येतात. काप जाड असला तर दोन पेशींच्या भित्तिका एकावर एक दिसतात आणि पातळ भित्तिकाही जाड भासते. शंका आली की नाभीयन किंचित खालीवर करून बघायचं. खरी जाड भित्तिका असेल तर जाडच राहते, भासमान असेल तर दोन रेषा सुट्या होतात.

प्रसाद_७९

मान्य. पण म्हणजे माझा नियम थोडा बदलून ठेवता येईल ना? बाह्यत्वचेच्या लगेच आत जे थर असतात ते स्थूलकोन, एवढं लक्षात ठेवलं की आकृतीचा प्रश्न सुटला.

काचपट्टी

सूर्यफुलाला चालेल, मक्याला नाही. मक्याच्या खोडात बाह्यत्वचेच्या आत दोन-तीन थर दृढ ऊतीचेच असतात आणि स्थूलकोन मिळतच नाही. प्रश्नपत्रिकेत दोन्ही खोडांची चित्रं फिरत असतात. आधी वाहक पुंज बघायला सांगा. कड्यासारखे गोलात मांडलेले असतील तर सूर्यफुलासारखं द्विबीजपत्री, विखुरलेले असतील तर मक्यासारखं एकबीजपत्री. मग बाहेरच्या थराकडे यायचं.

प्रसाद_७९

बरं, हे माहीत नव्हतं. पण स्नायूंचा नियम तरी टिकेल ना?

मंजिरी_व

नाही टिकत हो, मुलीचा दुसरा प्रश्न त्याच नियमाने चुकलाय! पट्टे दोघांना असतात, कंकाल स्नायूंना आणि हृदयाच्या स्नायूंना. पट्टे बघून ऐच्छिक म्हटलं की हृदय आपल्या हुकमावर चालायला लागेल. पट्टे दिसले की लगेच केंद्रकं मोजायची आणि शाखा बघायच्या. एका पेशीत बरीच केंद्रकं, तीही कडेला, आणि पेशी लांब, बिनशाखेची असेल तर कंकाल स्नायू, हातापायांचे. एक केंद्रक, आखूड पेशी आणि शाखा असेल तर हृदय. शाखांमुळे पेशी एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि आकुंचन लाटेसारखं पुढे सरकतं, हे एक वाक्य कार्यात लिहिलं तर परीक्षकाला कळतं की मुलीला समजलंय. पट्टे नसले, दोन्ही टोकं निमुळती, चातीसारखी पेशी आणि एक केंद्रक असेल तर अपट्टकी. अन्नमार्ग, रक्तवाहिन्या, मूत्रवाहिनी, डोळ्याची बुबुळं यांत ते असतात.

आणि चौथ्यासाठी काही पाठ करायची गरजच नाही, मराठी शब्दच उत्तर सांगतो. स्नायुरज्जू: नावात स्नायू आहे, म्हणजे एक टोक स्नायूला, दुसरं हाडाला. अस्थिबंध: नावात फक्त अस्थी, म्हणजे दोन्ही टोकं हाडाला. टाचेच्या मागे जी जाड दोरी हाताला लागते ती स्नायुरज्जू, ती पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडते. कबड्डीत गुडघा पिरगळून तुटतो तो अस्थिबंध. गुणधर्म विचारले तर अस्थिबंध ताणला जातो कारण सांधा हलायचा असतो, स्नायुरज्जू मजबूत पण फारसा ताणत नाही, नाहीतर स्नायू आकसला तरी हाड हललं नसतं.

निखिल_बेळगाव

माझा मुलगा सीबीएसईत आहे, तिथे सगळं इंग्रजी. या धाग्यावरच्या नावांचा त्याला काही उपयोग नाही, पण क्रम छान आहे. एक शंका: त्याच्या पुस्तकात जलवाहिनीच्या घटकांपैकी एक जिवंत म्हटलाय, आणि शेजारच्या मराठी माध्यमाच्या मुलीच्या वहीत 'जलवाहिनी मृत पेशींची बनलेली' असं आहे. कोणतं लिहायचं?

सूक्ष्मदर्शक

दोन्हींत खरं आहे, प्रश्न किती बारीक विचारलाय त्यावर ठरतं. जलवाहिनीत चार घटक. वाहिन्या, वाहिनिका आणि तंतू मृत, मूल ऊती जिवंत. पाणी वाहून नेण्याचं काम पोकळ झालेल्या मृत पेशी करतात, म्हणून ढोबळ तक्त्यात 'मृत' असं येतं. रसवाहिनीत उलटं. चाळणी नलिका जिवंत असते पण तिला केंद्रक नसतं, शेजारची सहपेशी तिचा कारभार बघते. तिथे तंतू तेवढे मृत. केंद्रक नाही म्हणून मृत, असा नियम मुलं लावतात आणि चाळणी नलिकेवर अडखळतात. आपल्या तांबड्या रक्तपेशींनाही केंद्रक नसतं, त्या काही महिन्यांनी मरतात पण फिरत असताना कामात असतात.

लिहिताना मी सुचवेन: 'मुख्यतः मृत पेशी, जलवाहिनी मूल ऊती जिवंत'. एवढं लिहिलं तर दोन्ही पुस्तकांतून गुण द्यावे लागतात. अर्थात एखादे परीक्षक वहीतलं वाक्यच शोधतील, तिथे इलाज नाही.

मंजिरी_व

अनुमोदन, पण एका शब्दाचा 'जिवंत की मृत' असा बहुपर्यायी प्रश्न आला तर काय? मी तरी मृत लिहायला सांगेन.

काचपट्टी

मी लिहायला सांगणार नाही, शिक्षकांनाच आधी विचारा म्हणेन. हा वाद इथे संपणारा नाही.

रेवाची_आई

तिने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर परत लिहिलं, ते देते. तपासून सांगाल का?

'ही कास्थी आहे. ती संयोजी ऊती आहे कारण पेशी विरळ असून मध्ये आधारद्रव्य आहे. आधारद्रव्य घट्ट पण लवचीक असल्याने ती अस्थी नाही. स्थान: श्वासनलिका, नाकाचं टोक, कानाची पाळी. कार्य: आधार देणे आणि हाडांच्या टोकांवर घर्षण कमी करणे.'

सूक्ष्मदर्शक

चांगलं आहे. दोन दुरुस्त्या. कानाची पाळी म्हणजे खाली लोंबणारा मऊ भाग, तिथे कास्थी नाही, तिथे मेद आणि विरल ऊती आहे. कास्थी कानाच्या वरच्या ताठ भागात. बोटांनी दाबून दोन्हींतला फरक तिला लगेच कळेल. आणि कार्य स्थानाशी जुळवून लिहायचं. प्रश्न श्वासनलिकेचा आहे, तर 'नळी उघडी ठेवणे' हे आधी, घर्षणाचं वाक्य नंतर. 'अस्थी नाही' हे कारणासह लिहिलंय ते तसंच ठेवा.

रेवाची_आई

पाळीचं आत्ताच दोघींनी दाबून बघितलं. पटलं. शेवटचा एक प्रश्न: श्वासनलिकेच्या अस्तरात केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर दिसतात असं तिला एका चित्रात दिसलं. मग ते सरल म्हणायचं की स्तरित?

सूक्ष्मदर्शक

चांगलं पाहिलंय तिने. प्रत्येक पेशीचा पाया खालच्या पटलाला टेकलेला असतो, पण उंची कमीजास्त असल्याने केंद्रकं वरखाली दिसतात आणि दोन थर असल्याचा भास होतो. म्हणून पुढच्या वर्गांत त्याला वेगळं नाव आहे. नववीत 'रोमक स्तंभीय अभिस्तर' एवढंच लिहायचं, पुढे 'सरल' किंवा 'स्तरित' जोडू नये.

प्रसाद_७९

म्हणजे माझी श्वासनलिकेची ओळ चुकीची नव्हती, फक्त अर्धी होती. यादी भिंतीवरून काढतो.

केळीबाग

सर, रोपवाटिकेला फोन केला. किती फेऱ्या हे त्यांनी सांगितलं नाही. अजून कुणाला अनुभव असेल तर वेगळा धागा काढतो.